काडेचिराईत, संत्र्याची साल आणि थेंबांचा हिशेब

गोव्यात बारमध्ये कामाला लागले तेव्हा पहिल्या आठवड्यातच मी एक पेय वाया घालवलं. ओल्ड फॅशन्ड करायचं होतं. 60 मिली व्हिस्की, थोडी साखर, आणि ‘बिटर्स दोन डॅश’ असं कागदावर लिहिलेलं. डॅश म्हणजे किती हे विचारायची लाज वाटली, म्हणून अंदाजाने चमचाभर ओतलं. आमच्या सीनियरनी ग्लास नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि शांतपणे म्हणाले, "हे काय, काढा केलास?"

शब्द अगदी चपखल होता, कारण मी कुडाळची. लहानपणी ताप आला की आजी काडेचिराईत रात्रभर पाण्यात भिजवायची आणि सकाळी ते पाणी नाक दाबून प्यावं लागायचं. बिटर्सची बाटली हुंगल्यावर वरचा दालचिनी-लवंगेचा वास गेला, की मागे तोच कडूपणा उरतो. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी बिटर्स समजून घ्यायला इथूनच सुरुवात करावी. हा मुळात औषधी अर्क आहे, आणि पेयात तो मसाल्यासारखा वापरायचा असतो.

जगभर ज्या बाटलीला लोक नुसतं ‘बिटर्स’ म्हणतात, ती अंगोस्टुराची. योहान सीगर्ट हे जर्मन डॉक्टर व्हेनेझुएलात सिमोन बोलिव्हारच्या सैन्यात होते. तिथल्या अंगोस्टुरा गावात 1824 साली त्यांनी हा अर्क बनवला, तो पोटाच्या तक्रारींवर. गावाचं नाव पुढे बदललं, आज त्याला सिउदाद बोलिव्हार म्हणतात. धंदाही 1875 मध्ये त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनला गेला, पण बाटलीवरचं नाव तेच राहिलं. अंगोस्टुरा नावाच्या झाडाची साल असते, पण ती या बाटलीत नसते. मुलाखतीत हे हमखास विचारतात. कडूपणा मुख्यतः जेन्शियनच्या मुळाचा आणि मद्यांश 44.7 टक्के, म्हणजे आपल्याकडच्या व्हिस्कीपेक्षा थोडा जास्तच.

आता थेंबाने का, ते पाहू. जिभेवर गोड चव ओळखणारा ग्राही एकाच प्रकारचा असतो, कडू ओळखणारे मात्र सुमारे 25 प्रकारचे. झाडपाल्यातली बरीच विषं कडू असतात, त्यामुळे कडू लागलं की थुंकायचं, हा शरीराचा जुना पहारा. म्हणून कडू पदार्थ अगदी नखाएवढा असला तरी कळतो. जेन्शियनच्या मुळात अमॅरोजेन्टिन नावाचा घटक आहे. त्याचा 1 भाग 5 कोटी 80 लाख भाग पाण्यात मिसळला तरी कडू लागतो, असा आकडा या विषयात नेहमी दिला जातो. गंमत म्हणजे आपलं काडेचिराईत जेन्शियनच्याच कुळातलं, आणि अमॅरोजेन्टिन त्यातही आहे. आजीचा काढा आणि ती त्रिनिदादची बाटली नात्यातले निघाले, हे कळलं तेव्हा मला खरंच हसू आलं होतं.

कडूपणा एवढा तीव्र, तर तो घालायचाच कशाला? आमटीत चिमूटभर गूळ घालतो तो आमटी गोड करायला नव्हे, तसंच हे. कडूची किंचित मात्रा साखरेचा चिकट गोडवा दाबते आणि पेय घशाखाली उतरल्यावर तोंड कोरडं, स्वच्छ वाटतं. शिवाय साली-मसाल्यांची तेलं मद्यात विरघळलेली असतात, ती नाकाला व्हिस्कीच्या आधी भेटतात. वाचून हे पटणार नाही. दोन ग्लासांत एकसारखं ओल्ड फॅशन्ड करा, एकात बिटर्स घाला, दुसऱ्यात नको. दुसरं नुसतं साखर घातलेल्या व्हिस्कीसारखं लागेल. एक अपवादही ठेवून जाते: त्रिनिदाद सावर नावाच्या पेयात अंगोस्टुरा तब्बल 45 मिली पडते. पण तिथे बदामाचं गोड सिरप आणि लिंबूही तशाच मापाने असतं, म्हणून ते निभतं.

मापाचा घोळ मात्र शेवटपर्यंत सुटत नाही. डॅश म्हणजे बाटलीच्या बुचातल्या भोकातून एका झटक्यात पडेल तेवढं. ढोबळ मानाने ते 1 मिलीच्या आत असतं. पण बाटली गच्च भरलेली असली की डॅश लहान पडतो आणि अर्धी झाली की मोठा, त्यामुळे सकाळचं आणि रात्रीचं पेय वेगळं लागतं. ड्रॉपरचा थेंब जास्त भरवशाचा, पण तिथेही एक खोच आहे. मद्याचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी, म्हणून थेंब लहान पडतो. तोच ड्रॉपर पाण्याचे 20 थेंब पडल्यावर 1 मिली भरत असेल, तर बिटर्सचे त्याहून बरेच जास्त थेंब लागतात. मी माझा ड्रॉपर मोजून घेतला: बिटर्सचे 32 थेंब म्हणजे 1 मिली. तुमचा आकडा वेगळा येईल. लहान मेजरिंग सिलिंडरमध्ये एकदा मोजा आणि ड्रॉपरवर चिठ्ठी चिकटवा.

बनवायला शिकले ते वर्षभराने, बारमध्येच, सीनियरांच्या नजरेखाली. पहिला प्रयत्न फसला. काडेचिराईत, संत्र्याची साल, दालचिनी, लवंग, सगळं एकाच बरणीत घालून वोडका ओतला आणि दोन आठवडे विसरले. उघडल्यावर संत्र्याचा मागमूस नाही, लवंगेने जीभ बधिर, आणि कडूपणा असा की पाण्याने चूळ भरून भरून थकले. साखर घातली तर तो गोड-कडू काढा झाला. चूक प्रमाणाची कमी आणि वेळेची जास्त होती. चिराईत आपला कडूपणा दोन-तीन दिवसांत देऊन टाकतं, लवंग त्याहून लवकर, पण वाळलेल्या सालीला आठवडा लागतो. एका बरणीत सगळे असले की कोणाला कधी बाहेर काढायचं हे तुमच्या हातात राहत नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी तीन बरण्या केल्या. तिन्हींत साधा वोडका, 42.8 टक्क्यांचा. पहिलीत 100 मिलीला 5 ग्रॅम काडेचिराईत, काड्या बारीक मोडून. दुसरीत 100 मिलीला 10 ग्रॅम वाळलेली संत्र्याची साल, आतला पांढरा भाग चाकूने खरवडून काढलेली. तो राहिला तर वेगळाच बोजड कडूपणा उतरतो. तिसरीत 50 मिलीला 2 ग्रॅम दालचिनी, वेलदोड्याचे थोडे दाणे, दोनच लवंगा आणि चार-पाच तिरफळं. तिरफळाचं बी फेकून फक्त टरफल घेतलं, बांगड्याच्या आमटीत घेतो तसं. ताजी साल मुद्दाम टाळली, कारण तिच्यातलं पाणी मद्य पातळ करतं. परदेशी कृतींत याहून कितीतरी कडक मद्य सांगतात. ते तेलं लवकर ओढतं हे खरं, पण आपल्याकडच्या दुकानात 42.8 टक्केच मिळतं, तेव्हा दिवस थोडे वाढवायचे एवढंच.

रोज बरण्या हलवायच्या आणि चव घ्यायची. बरणीतलं थेट जिभेवर घेऊ नका. 100 मिली साध्या सोड्यात पाच थेंब टाका, घोट घ्या आणि अर्धा मिनिट गप्प बसा. कडू मागून येतं आणि बराच वेळ रेंगाळतं, त्यामुळे घाईने दुसरा घोट घेणारा हमखास चुकतो. मधे पावाचा कोरडा तुकडा खायचा. चार नमुन्यांनंतर जीभ खोटं बोलायला लागते, मग उरलेलं उद्यावर. मसाल्याची बरणी मी दुसऱ्या दिवशी गाळली, चिराईताची तिसऱ्या, सालीची आठव्या दिवशी. आधी मलमलीच्या फडक्यातून, मग कॉफीच्या कागदी गाळणीतून.

एकत्र करतानाचा हिशेबही थेंबांतच केला. सोड्याच्या ग्लासात चिराईताचे 6, संत्र्याचे 10 आणि मसाल्याचे 3 थेंब हे प्रमाण जमलं. मसाल्याचे 5 केले की तिरफळ पुढे येऊन ग्लासाला माशाच्या कालवणाची आठवण यायची. साल मद्य पिऊन फुगते, त्यामुळे गाळल्यावर संत्र्याचा अर्क 80 मिलीच उरला होता. त्यावरून बाकीचं ठरलं: चिराईत 48, मसाला 24, एकूण 152 मिली. त्यात रंगासाठी आणि कडा मऊ करायला 8 मिली जळकट साखरेचा पाक. 160 मिली बिटर्स झालं आणि मद्यांश जेमतेम पावणेएक्केचाळीस टक्क्यांवर राहिला.

हा शेवटचा आकडा काढायला विसरू नका. जुन्या पद्धतीत गाळून उरलेला चोथा पाण्यात उकळून ते पाणीही मिसळतात. मूळ मद्य कडक असेल तर ते परवडतं. 42.8 टक्क्यांच्या वोडकाने सुरुवात करून तसं केलंत, तर मद्यांश उतरतो आणि विरघळलेली तेलं सुटून बाटली दुधाळ होते. मी 30 मिली चोथ्याचं पाणी वेगळ्या ग्लासात मिसळून पाहिलं, दोन मिनिटांत धुरकट झालं. तळाशी बसणारा तपकिरी गाळ हे वेगळं प्रकरण. तो निरुपद्रवी असतो, आठवडाभर स्थिर ठेवून वरचं अलगद ओतून घ्यायचं. पण आंबूस वास आला किंवा वर तवंगासारखं काही तरंगलं तर बाटली ओतून द्या.

काष्ठौषधींच्या दुकानात गेलात की तिथे सिंकोनाची सालही दिसेल आणि मोह होईल. नव्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये. तिच्यात क्विनीन असतं, घरगुती अर्कात ते किती उतरलं हे चवीवरून कळत नाही, आणि जास्त झालं तर कानात घंटा वाजायला लागतात. आणि जे घ्याल ते नावानिशी ओळखून घ्या. काडेचिराईत म्हणून दुसऱ्याच काड्या पुडीत बांधून देणारेही भेटतात.

गिऱ्हाईक "मी मद्य घेत नाही, सोड्यात चार थेंब बिटर्स टाका" म्हणालं, तर बिटर्समध्ये मद्य असतं हे आधी सांगायचं. त्या थेंबांनी नशा होणार नाही, पण धर्मामुळे, औषधामुळे किंवा व्यसन सोडलंय म्हणून कोणी ते टाळत असेल, तर ठरवायचं त्याने. माझ्या 160 मिलीतल्या पहिल्या बाटलीवर म्हणून मी तीन गोष्टी लिहिल्या: तारीख, त्यात काय काय आहे, आणि मद्यांश. सीनियरांनी थेंबभर चाखून चौथी गोष्ट स्वतःच्या हाताने खाली लिहिली: ‘60 मिलीला 24 थेंब, चमचा नाही.’