माझा रिव्हर्स रिव्हर्स नव्हताच

क्लबात आलो त्या वर्षी मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की मला रिव्हर्स स्विंग पडतो. तीस-पस्तीस षटकांचा जुना चेंडू, उजव्या फलंदाजाला भसकन आत यायचा. वेग जेमतेम ताशी ११० किलोमीटर. एका सीनियरने मोबाइलवर स्लो मोशन काढून दाखवलं आणि म्हणाला, "सीम बघ आधी, मग बढाया मार."

स्विंग, म्हणजे चेंडूचं हवेत वळणं, समजून घ्यायचं तर सुरुवात सीमपासूनच, म्हणजे चेंडूच्या उंचवट्याच्या शिवणीपासूनच करा. आउटस्विंगला सीम पहिल्या-दुसऱ्या स्लिपकडे जराशी वळवायची, चकाकीची बाजू लेगकडे. त्या गुळगुळीत बाजूवरून हवेचा थर शांतपणे सरकतो आणि लवकर सुटतो. दुसऱ्या बाजूला तो सीमच्या टाक्यांना अडखळून ढवळला जातो, आणि ढवळलेला थर चेंडूला जास्त वेळ चिकटून राहतो. त्यामुळे चेंडूमागची हवा लेगकडे ढकलली जाते आणि चेंडू स्लिपकडे, म्हणजे सीमच्या रोखाने जातो. पँटवर चेंडू घासायचा तो एक बाजू शांत ठेवायला. (थुंकी आता बंद, घामावर भागवायचं.) सुटताना दोन बोटांनी मागे फिरकी दिली नाही, तर सीम डुगडुगते आणि सगळी चकाकी वाया जाते.

रिव्हर्समध्ये सीम स्लिपकडेच असते, पण चेंडू आत येतो. नवा चेंडू साधारण १४० च्या पुढे गेला, की दोन्ही बाजूंचा थर सीमपर्यंत पोचायच्या आधीच ढवळलेला असतो. मग सीम मदत करायची सोडून नडते. तिच्यावरून जाताना थर जाड होतो आणि त्याच बाजूने लवकर सुटतो. खरबरीत बाजू फलंदाजाकडे ठेवली तर हे कमी वेगातही घडतं, म्हणून जुना चेंडू लागतो. पण ११० ला? विसरा.

मग माझा चेंडू आत का यायचा? व्हिडिओत सीम सरळ यष्टिरक्षकाकडे होती, खरबरीत बाजू लेगकडे. सीम मधोमध असल्याने ती कोणत्याच बाजूला झुकतं माप देत नव्हती. खरबरीत पृष्ठभागानेच त्या बाजूचा थर ढवळला, तो जास्त वेळ चिकटला आणि चेंडू त्या बाजूला गेला. याला कॉन्ट्रास्ट स्विंग म्हणतात. आमच्यासारख्या मध्यमगतीवाल्यांचा हा हुकमी माल, फक्त नाव चुकीचं लावतो आपण. 'रिव्हर्स चकाकीकडे जातो' हे मैदानावरचं वाक्य घोकत बसलो असतो, तर हा घोळ कधीच सुटला नसता.

दुसऱ्या दिवशी नेट्समध्ये तोच चेंडू घेतला, सीम सरळच ठेवली आणि खरबरीत बाजू स्लिपकडे केली. सहापैकी चार चेंडू बाहेर गेले. उरलेल्या दोनांत सीम डुगडुगली होती.