परत आलेल्या शर्टांवरून वर्णन नव्याने कसे लिहावे

घरून सुती शर्ट ऑनलाइन विकणाऱ्या एका बाईंचे उदाहरण घेऊ. एका महिन्यात ४० शर्ट गेले आणि १४ परत आले. वर्णन असे होते: ‘मऊ सुती शर्ट, सुंदर हिरवा रंग, मध्यम माप, छाती ३८.’ यात एकही शब्द खोटा नव्हता, तरीही हेच वर्णन शर्ट परत आणत होते.

पहिले काम म्हणजे परतीची कारणे वाचणे. यादीतून निवडलेल्या कारणावर फार भिस्त ठेवू नका. लोक घाईत ‘आवडले नाही’ निवडून मोकळे होतात. खरे कारण त्यांनी हाताने लिहिलेल्या ओळीत असते. ती ओळ जशीच्या तशी वहीत उतरवा. इथे १४ पैकी ९ जणींनी घट्टपणाबद्दल लिहिले होते: ‘छातीवर बटणांमध्ये फट पडते’, ‘हात वर केला की ओढतो’. चौघींची तक्रार रंगाची होती. एकीला तो मागाहून फक्त नकोसा झाला होता, आणि अशा परतीवर वर्णनाचा इलाज नाही. ती बाजूला ठेवा.

आता घट्टपणाचे मूळ शोधू. शर्ट बटणे लावून टेबलावर सपाट पसरा, हाताने सुरकुत्या काढा पण कापड ताणू नका. एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत टेप धरा आणि आलेल्या मापाची दुप्पट करा. इथे साडेएकोणीस इंच भरले, म्हणजे घेर ३९. एकच शर्ट मोजून थांबू नका. एकाच मापाचे तीन मोजा, कारण शिवताना अर्धा इंच इकडेतिकडे होतोच.

गोंधळ ‘छाती ३८’ या दोन शब्दांत होता. ते माप अंगाचे की शर्टाचे, हे लिहिलेले नव्हते. वाचणारीने ते आपल्या अंगाचे धरले. विणलेल्या, न ताणणाऱ्या कापडाच्या शर्टाला छातीवर निदान तीन ते चार इंच सैलपणा लागतो, शिंपी ज्याला लूजिंग म्हणतात. ३८ छातीच्या बाईला ३९ घेराचा शर्ट मिळाला, तर बटणे लागतात खरी, पण श्वास घेतला की फट पडते.

त्यातून सुती कापड आटते. म्हणून एक शर्ट बळी द्या: माप लिहून ठेवा, गिऱ्हाईक धुईल तसा धुवा, पूर्ण वाळवा, इस्त्री करून पुन्हा मोजा. या शर्टाची छाती ३९ ची ३८ झाली, लांबी २८ ची २७. ओलसर असताना मोजले तर आकडा फसवा येतो. आणि कापडाचा नवा तागा आणला की ही चाचणी पुन्हा करा, मागच्या ताग्याचा आकडा याला लावू नका.

रंगाचे कोडे सोपे निघाले. फोटो पिवळ्या दिव्याखाली काढले होते, त्यामुळे करडी झाक असलेला हिरवा रंग पडद्यावर पोपटी दिसत होता. फोटो दिवसा, खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही असे काढा. रंगाला ‘सुंदर’ म्हणण्यापेक्षा ओळखीच्या वस्तूशी जोडा. इतके करूनही प्रत्येक पडदा थोडा वेगळा दाखवणारच, तेवढी मर्यादा मान्य करावी.

मग वर्णन असे झाले:

‘सुती शर्ट, मध्यम. शर्टाची छाती (काखेखालचा पूर्ण घेर) ३९ इंच, पहिल्या धुण्यानंतर ३८. लांबी २८, धुतल्यावर २७. तुमच्या अंगाची छाती ३४ ते ३५ असेल तर हे माप घ्या. ३५ च्या पुढे असेल तर मोठे घ्या. कापड ताणत नाही. मापात अर्ध्या इंचाचा फरक असू शकतो. रंग: वाळलेल्या तुळशीच्या पानासारखा करडा हिरवा, पोपटी नाही.’

‘मऊ’ हा शब्द गेला. तो कोणालाही नाकारता येत नाही आणि त्यावरून काही ठरवताही येत नाही. उलट ‘पोपटी नाही’ हे दोन शब्द फार कामाचे, कारण चुकीची अपेक्षा घेऊन येणारी तिथेच थांबते. यामुळे काही विक्री हुकेल. पण तो शर्ट तसाही परतच आला असता, वर जाण्या-येण्याचा खर्च अंगावर पडला असता.

नवे वर्णन टाकण्याआधी, शर्ट न पाहिलेल्या एखाद्या व्यक्तीला ते वाचायला द्या आणि विचारा, ‘तू कोणते माप घेशील?’ उत्तर देताना तिला तुम्हाला एकही प्रश्न विचारावा लागला, तर त्याचे उत्तर वर्णनात द्यायचे राहून गेले आहे. बदलाची तारीख वहीत लिहा आणि त्यानंतर गेलेल्या शर्टांची परती वेगळी मोजा. जुन्या वर्णनावर घेतलेले शर्ट अजून काही दिवस परत येत राहतील. ते या हिशेबात मिसळले, तर बदल फसला असे वाटून तुम्ही चांगले वर्णन पुन्हा बिघडवाल.