तीन सक्रिय अटी मोजल्या, तरी बिंदू बीएफएस नाही

लिनियर प्रोग्रामिंगमध्ये एखादा बिंदू बेसिक फीझिबल सोल्यूशन, म्हणजे बीएफएस, आहे का असं विचारलं की नवे विद्यार्थी लगेच सक्रिय अटी मोजायला बसतात. चलांची संख्या n असेल आणि n अटी सक्रिय निघाल्या, की "हो" लिहून मोकळे. पण n अटी सक्रिय असून भागत नाही, त्या एकमेकींपासून स्वतंत्रही असाव्या लागतात. चुकतं ते इथेच. खालचं उदाहरण कागदावर सोडवत वाचा.

x₁ + x₂ + x₃ ≤ 6
x₁ + x₂ ≤ 4
x₃ ≤ 2
x₁, x₂, x₃ ≥ 0

चल तीन, म्हणून n = 3. अटी मात्र सहा आहेत. xᵢ ≥ 0 हीसुद्धा अटच, ती मोजायची राहू देऊ नका.

बिंदू A = (1, 3, 2) घ्या. आधी प्रत्येक अट पाळली जाते का ते पाहायचं. पहिल्या अटीत 6, दुसरीत 4, तिसरीत 2, म्हणजे सगळं बसतं. जिथे डावी आणि उजवी बाजू तंतोतंत समान, ती अट सक्रिय. इथे पहिल्या तिन्ही सक्रिय आहेत, आणि x₁, x₂, x₃ शून्य नसल्यामुळे बाकीच्या तीन नाहीत. सक्रिय अटी तीन, n पण तीन. मोह इथेच होतो.

आता त्यांच्या ओळी लिहा: (1,1,1), (1,1,0), (0,0,1). पहिली ओळ म्हणजे उरलेल्या दोघींची बेरीज, म्हणून रँक फक्त 2. A हा बीएफएस नाही.

रँक काढण्यापेक्षा हाताने करायला सोपी आणि जास्त बोलकी पद्धत अशी: प्रत्येक सक्रिय ओळीशी गुणाकार शून्य देणारी दिशा d शोधा. इथे d₁ + d₂ + d₃ = 0, d₁ + d₂ = 0 आणि d₃ = 0. d = (1, −1, 0) चालते. A पासून या दिशेने t इतकं सरकलं की (1+t, 3−t, 2) मिळतं, आणि t −1 पासून 3 पर्यंत असेतो एकही अट मोडत नाही. म्हणजे A हा (0,4,2) आणि (4,0,2) यांना जोडणाऱ्या कडेच्या मध्ये कुठेतरी आहे, टोकावर नाही. d = 0 सोडून दुसरी दिशाच उरली नाही, तरच n स्वतंत्र अटी आहेत असं म्हणता येतं. उत्तरपत्रिकेत नुसता रँक लिहिण्याऐवजी ही दिशा दाखवलीत, तर "नाही" हे उत्तर पूर्ण सिद्ध होतं.

त्याच कडेचं टोक B = (0, 4, 2) पाहा. इथे x₁ = 0 ही चौथी अटही सक्रिय होते. d₁ = 0 जोडलं की d₂ = 0 आणि d₃ तर शून्य आहेच. रँक 3, म्हणून B बीएफएस आहे. सक्रिय अटी n पेक्षा जास्त असल्यामुळे तो डीजनरेट आहे, पण म्हणून बाद होत नाही.

C = (0, 6, 0) वर पहिली अट, x₁ = 0 आणि x₃ = 0 सक्रिय आहेत, आणि तिन्ही स्वतंत्रही. पण x₁ + x₂ = 6 झाल्यामुळे दुसरी अट मोडते. हा बेसिक आहे, फीझिबल नाही. म्हणून व्यवहार्यता आधी तपासलेली बरी.

स्टँडर्ड फॉर्ममध्ये हाच सापळा वेगळ्या रूपात येतो. तीन स्लॅक चलं जोडली की चलं 6 आणि समीकरणं 3. A वर तिन्ही स्लॅक शून्य, म्हणजे बरोबर 6 − 3 = 3 चलं शून्य, आणि "बीएफएस मिळाला" असं वाटतं. तिथे शून्यांची संख्या पुरेशी नाही. शून्य नसलेल्या चलांचे स्तंभ स्वतंत्र हवेत. x₁ आणि x₂ या दोघांचेही स्तंभ (1, 1, 0) आहेत, अगदी एकसारखे. समानतेची अट दोन असमानतांत फोडली तर सक्रिय अटींची मोजणी एकने वाढते, रँक मात्र तेवढाच राहतो. मोजणीपेक्षा रँकवर भर द्यायचा तो यासाठीच.

ही तपासणी परीक्षेपुरती नाही. वरच्या अटींवर x₁ + x₂ + x₃ जास्तीत जास्त करायला सांगितलं, तर B पासून (4,0,2) पर्यंतची सगळी कड इष्टतम आहे, किंमत 6. सिम्प्लेक्स टोकावरच थांबतो. इंटीरिअर पॉइंट पद्धत क्रॉसओव्हर, म्हणजे मिळालेलं उत्तर टोकावर नेण्याची शेवटची पायरी, न करता चालवली तर ती बहुधा कडेच्या मधला, A सारखा बिंदू देते. अशा उत्तरात आकडे 1.9999999 असे येतात, त्यामुळे अट सक्रिय आहे का हे ठरवताना 10⁻⁶ सारखी सहनमर्यादा ठेवावी लागते. ती फार सैल ठेवली, तर जवळची पण सक्रिय नसलेली अट मोजली जाते, रँक उगाच 3 दिसतो आणि कडेवरचा बिंदू टोक म्हणून खपून जातो.