फ्रॉदर जग की हँड फ्रॉदर? घेताना आणि वापरताना या चुका टाळा

फेसाळ कॉफीसाठी फ्रॉदर घेताना बहुतेकजण किंमत आणि खोक्यावरचा मिलिलिटरचा आकडा बघतात. सर्वात मोठी फसगत त्या आकड्यातच होते.

दूध तापवून फेस काढणाऱ्या इलेक्ट्रिक जगच्या आत कमाल पातळीच्या दोन खुणा असतात. वरची खूण नुसतं दूध गरम करण्यासाठी, खालची फेस काढण्यासाठी. फेसामुळे दूध जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून खालची खूण वरच्या खुणेच्या साधारण निम्म्यावर असते. खोक्यावर ३०० मिली लिहिलेल्या जगात फेसासाठी जेमतेम १५० मिली दूध घालता येतं. त्यापेक्षा जास्त घातलं की फेस झाकणातून बाहेर येतो, ओघळ खालच्या बैठकीवर जातो आणि विजेच्या जोडणीत दूध शिरतं. तळाजवळ किमान पातळीची खूण असते, तिच्यापेक्षा कमी घातलं तर दूध तळाला लागतं.

आता घरात चौघं आहेत आणि प्रत्येकाच्या कपात १२० मिली दूध हवं आहे, असं धरू. एकूण ४८० मिली झालं, म्हणजे या जगाच्या चार फेऱ्या. एका फेरीला दोन-तीन मिनिटं लागतात, पण खरा वेळ मधल्या थांबण्यात जातो. एक फेरी संपली की तळ तापलेला असतो. लगेच बटण दाबलं तर बरेच जग सुरूच होत नाहीत, नुसता दिवा लुकलुकतो. जग बिघडला असं समजून तो परत करू नका. आतून गार पाण्याने विसळा, बाहेरचा तळ कोरडा पुसा आणि मग लावा. तरीही चौथा कप होईपर्यंत पहिला गार झालेला असतो. म्हणून चौघांच्या घरात मी हँड फ्रॉदरच, म्हणजे सेलवर फिरणारी तारेची छोटी रवीच, सुचवेन. एका-दोघांसाठी, सकाळच्या घाईत, जग उत्तम.

हँड फ्रॉदर दूध गरम करत नाही. हे उघड वाटतं, पण तो घेऊन थेट फ्रिजमधल्या दुधात फिरवणारे आणि कॉफी कोमट झाली म्हणून वैतागणारे बरेच भेटतात. दूध आधी गॅसवर ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवा. थर्मामीटर नसेल तर भांड्याच्या बाजूला बोट टेकवा. क्षण-दोन क्षणांत काढून घ्यावंसं वाटलं की पुरे. उकळी आणू नका, कारण ७० अंशांच्या पुढे फेस लवकर बसतो आणि दुधाला उकळलेला वास येतो. दूध नुसतं कोमट असतानाही फेस नीट धरत नाही, कारण त्या तापमानाला दुधातली चरबी अर्धवट घट्ट, अर्धवट पातळ असते आणि फेसाचे बुडबुडे फोडते. अगदी गार दुधाचा फेस मात्र छान येतो, कोल्ड कॉफीसाठी तोच वापरा.

भांडं उंच आणि अरुंद घ्या, एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. तार दुधात बुडवून मगच बटण दाबा, नाहीतर दूध भिंतीवर उडेल. बुडबुडे मोठे आणि विरळ येत असतील तर आधी सेल बदलून पाहा.

दोन्ही उपकरणांत फेस येत नसेल तर दुधाकडे बघा. आपल्याकडे तापवलेल्या दुधावर साय येते. ती तारेत गुंडाळली जाते आणि फिरणं मंदावतं, म्हणून दूध गाळून घ्या. नासण्याच्या बेतात आलेल्या दुधाचाही फेस टिकत नाही. आणि एक महत्त्वाचं: जग दूध साधारण ६५ अंशांवर थांबवतो, उकळत नाही. गोठ्यातून आणलेलं सुटं दूध आधी गॅसवर उकळूनच वापरा. साखर किंवा चहा पावडर जगात टाकू नका. साखर तळाला करपते.

साफसफाईत हँड फ्रॉदर स्पष्ट पुढे आहे. वापरल्याबरोबर साबणाचा थेंब घातलेल्या कोमट पाण्यात दहा सेकंद फिरवा, मग साध्या पाण्यात. मोटरचा भाग मात्र नळाखाली धरू नका. दूध वाळलं तर तारेच्या वेटोळ्यात अडकतं आणि दुसऱ्या दिवशी वास मारतं.

जग धुताना चूक होते ती घासणीची. आतल्या नॉनस्टिक थरावर तारेची घासणी फिरवली की ओरखडे पडतात आणि त्यात दूध आणखी चिकटतं. तळाला तपकिरी डाग पडला असेल तर कोमट पाणी आणि थोडा खायचा सोडा घालून अर्धा तास ठेवा, मग मऊ स्पंजने पुसा. आतली फिरकी लोहचुंबकावर फिरते. ती रोज काढून, खालची खाच पुसून परत बसवा. फिरकी घरघरते किंवा मध्येच थांबते तेव्हा बहुतेक वेळा त्या खाचेत वाळलेलं दूध असतं. बैठक मात्र पाण्यात कधीच बुडवायची नाही. जग डिशवॉशरमध्ये चालतो का, हे घेण्याआधीच माहितीपत्रकात वाचा, कारण तळात हीटर असलेले बरेच जग तिथे चालत नाहीत.