तिसऱ्या रात्री बाळ जास्त का रडतं? झोळी सोडवताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच घरांत लेकरू झोळीत झोका घेत झोपतं, नाहीतर आज्जीच्या मांडीवर. झोका थांबला की जागं होतं, म्हणून रात्रीतून चार-पाच वेळा कुणीतरी उठून झोळी हलवतं. ही सवय मोडायला आईबाप निघतात आणि बहुतेकदा तिसऱ्या रात्री माघार घेतात. नेमकी तीच रात्र समजून घ्यायला हवी.

समजा, वडगावातल्या एका घरात नऊ महिन्यांची मुलगी आहे. तब्येत चांगली, वजन नीट वाढतंय, डॉक्टरांना विचारून झालंय. साडेआठला दूध पाजून, दिवा मंद करून तिला जागी असतानाच सपाट अंथरुणावर पाठीवर ठेवायचं आणि बाहेर यायचं, असं ठरलं. पहिल्या रात्री आई 3, 5 आणि मग दर 10 मिनिटांनी आत डोकावली. पोरगी पाऊण तासात झोपली. दुसऱ्या रात्री 5, 10, 12 असं अंतर ठेवलं, ती वीस मिनिटांतच झोपली. घरात सगळ्यांना वाटलं, जमलं. तिसऱ्या रात्री अंतर 10, 12, 15 झालं आणि ती तासाभरापेक्षा जास्त रडली, तेही आधीपेक्षा मोठ्यानं.

दोन रात्रींची अपुरी झोप अंगावर असते. जास्त थकलेलं बाळ लवकर झोपण्याऐवजी चिडतं. त्यात त्याच रात्री आईची पहिली फेरी दहा मिनिटांवर गेलेली असते. आणि तिसरं कारण म्हणजे ज्याला एक्स्टिंक्शन बर्स्ट म्हणतात ते. आजवर रडलं की झोळी हलायची, आता हलत नाही. बोअरची मोटार सुरू झाली नाही तर आपण बटण एकदाच दाबून सोडत नाही, जोरात आणि पुन्हा पुन्हा दाबतो. बाळाचं तसंच होतं. सवय सुटण्याआधी रडणं थोडा काळ वाढतं. ते तिसऱ्याच रात्री येईल असं नाही. कुणाला दुसऱ्या, कुणाला चौथ्या रात्री येतं, कुणाला येतही नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक इथेच होते. पन्नास मिनिटं झाली, आज्जी दारात येऊन म्हणते, ‘कशाला रडवतीस गं पोरीला?’ आणि आई तिला झोळीत घालते. बाळ यातून एवढंच शिकतं की पन्नास मिनिटं रडलं की झोका मिळतो. पुढच्या वेळी ते तितकं तरी रडतंच. कधी मिळतं, कधी मिळत नाही अशी सवय तर सुटायला सगळ्यात अवघड. म्हणून आज आपल्याला झेपणार नाही असं वाटत असेल तर पहिल्या पाच मिनिटांतच उचलून घ्या आणि हा बेत महिनाभर पुढे ढकला. त्यात काही बिघडत नाही.

दुसरी चूक फेरीची. फेरी एक-दोन मिनिटांची असावी: हात अंगावर, रोजचं एकच वाक्य, मग बाहेर. फेरीत उचललं, अंगाई सुरू केली, की बाळाच्या लेखी झोळीच परत आली. रात्रीचं एक दूध लागत असेल तर त्याची वेळ आधीच ठरवा, म्हणजे रडण्याला घाबरून ते दिलं जाणार नाही.

मात्र प्रत्येक रडणं बर्स्ट नसतं. बर्स्टमधलं रडणं लाटांसारखं चढतं-उतरतं, पावलांचा आवाज आला की क्षणभर थांबतं, उचललं की लगेच शांत होतं, आणि बाळ दिवसा खेळतं-खातं. कुशीत घेऊनही शांत न होणं, अंग तापणं, उलटी, कान ओढत राहणं, धाप लागणं, दिवसाही दूध नाकारणं, यांतलं काही दिसलं तर लगेच उचला, डॉक्टरांना दाखवा आणि बरं वाटेपर्यंत हा बेत बंद ठेवा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी ही पद्धत नाहीच.

एकत्र कुटुंबात धीर धरायचा म्हणजे दुपारीच बोलून घ्यायचं. आज रात्री आत कोण जाणार, आज्जी-आत्यांनी काय करायचं, हे ठरवा. जिला रडणं सहन होत नाही तिनं त्या दोन-तीन रात्री मागच्या खोलीत किंवा शेजारी झोपावं, यात तिचा अपमान नाही. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा. रडण्याची मिनिटं वहीत लिहा. अंधारात दहा मिनिटंही तासासारखी वाटतात.

मानसशास्त्रज्ञ सी. डी. विल्यम्स यांनी 1959 मध्ये एकवीस महिन्यांच्या मुलाची हकिगत नोंदवली होती. त्याला अंथरुणावर ठेवून बाहेर यायचं, रडला तरी आत जायचं नाही, असं ठरलं होतं. पहिल्या वेळी तो 45 मिनिटं रडला, दुसऱ्या वेळी अजिबात नाही, मग थोडं, आणि दहाव्या वेळेपर्यंत रडणं संपलं. आठवडाभरानं त्याच्या आत्या-मावशीपैकी कुणीतरी त्याला झोपवलं, तो रडला म्हणून ती खोलीत बसून राहिली, आणि सगळं पुन्हा सुरू झालं. दुसऱ्यांदा तोच क्रम पाळल्यावर नवव्या वेळेपर्यंत रडणं थांबलं. म्हणून बाळ नीट झोपू लागल्यावरही पाहुण्यांच्या रात्री झोपवायला आधीचंच माणूस जावं.