रेफरन्स दिला खरा, पण फोन उचलणार कोण? या चुका टाळा

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता मी एका उमेदवाराला मेल टाकला: तीन रेफरन्सेस उद्या दुपारपर्यंत पाठवा. मुलगी डोंबिवलीची, भिवंडीच्या एका गोदामात इन्व्हेंटरी बघायची. दोन्ही इंटरव्ह्यू छान झाले होते, क्लायंटला ती पसंत होती. वीस मिनिटांत तिचं उत्तर आलं, तीन नावं आणि तीन नंबर. ते पाहून मला बरं वाटायला हवं होतं, पण वीस मिनिटांत तीन माणसांशी बोलून होत नाही, हे अंधेरीत बसून इतकी वर्षं भरतीचं काम केल्यावर कळतं.

पहिलं नाव तिच्या सध्याच्या मॅनेजरचं होतं. दुसरं आधीच्या कंपनीतल्या सरांचं. तो नंबर बंद लागला, कारण सर दोन वर्षांपूर्वीच दुबईला गेले होते. तिसरं नाव एका मोठ्या कंपनीच्या डायरेक्टरचं. ते फोनवर अगदी प्रेमाने म्हणाले, "अहो, मी तिला लहानपणापासून ओळखतो." तिच्यासोबत काम केलंय का, असं विचारल्यावर गप्प झाले. ते तिच्या बाबांचे मित्र होते.

नशीब एवढंच की सध्याच्या मॅनेजरला मी फोन केला नव्हता. माझ्या जागी नवखा कोणी असता तर केला असता, आणि तिने पेपर टाकायच्या आधीच भिवंडीत बातमी पोहोचली असती.

कोणाचं नाव द्यायचं

पहिली गफलत इथेच होते. लोक पद बघून नाव देतात. रेफरन्सच्या फोनवर आम्ही जे विचारतो ते डायरेक्टरला माहीत नसतं: तुम्ही एकत्र किती काळ काम केलं, ती तुम्हाला रिपोर्ट करायची का, रोज नेमकं काय बघायची, डेडलाइन अंगावर आली की कशी वागायची, कुठे कमी पडायची, सोडून का गेली. शेवटी एक प्रश्न असतोच, "संधी मिळाली तर तिला पुन्हा घ्याल का?" या प्रश्नाला लगेच "हो" येतं की आधी "म्हणजे... तसं बघायला गेलं तर" येतं, याकडे माझे कान असतात. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचं बोलणं. ज्याने तुमचं काम रोज पाहिलंय, तोच हे बोलू शकतो. थेट वरिष्ठ सगळ्यात उत्तम. त्यानंतर दुसऱ्या खात्यातला मॅनेजर, ज्याच्याशी तुमचा रोजचा संबंध यायचा. मग क्लायंट किंवा सीनियर सहकारी. नुकताच पदवीधर झालेला मुलगा असेल तर इंटर्नशिपचा गाइड किंवा प्रोजेक्ट घेणारे प्राध्यापक चालतात. काका, मामा आणि बाबांचे मित्र चालत नाहीत, मग ते कितीही मोठ्या पदावर असोत.

सध्याच्या बॉसचं नाव मागितलं तर घाबरून देऊन टाकू नका आणि लपवूही नका. सरळ लिहा की सध्याच्या ठिकाणी अजून कळवलेलं नाही, ऑफर लेटर हाती आल्यावर आणि राजीनामा दिल्यावर त्यांचं नाव देईन. हे ऐकायची आम्हाला सवय असते. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या फॉर्ममध्येही बहुतेक वेळा "सध्याच्या कंपनीशी आत्ता संपर्क करू का?" असा रकाना असतो. तिथे बिनधास्त "नाही" लिहा.

इथे एक घोळ सोडवते. रेफरन्सचा फोन वेगळा आणि व्हेरिफिकेशन वेगळं. पहिल्यात आम्ही माणसाशी तुमच्या कामाबद्दल बोलतो. दुसऱ्यात बहुधा एखादी बाहेरची एजन्सी जुन्या कंपनीच्या एचआरकडून रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, डेझिग्नेशन असले तपशील पडताळते. बऱ्याच कंपन्यांचा नियम असतो की मॅनेजरने अधिकृतपणे काही बोलायचं नाही, जे सांगायचं ते एचआर सांगेल, आणि तेही तारखा आणि पद एवढंच. तुमचे जुने सर "मला बोलता येणार नाही गं" म्हणाले, तर ते तुमच्यावर नाराजच आहेत असं नाही. दुसरं नाव शोधा.

तयारी म्हणजे पाठांतर नव्हे

त्या मुलीला मी फोन करून सांगितलं की तो मेल मी पाहिलाच नाही असं समज, सोमवारपर्यंत नवा पाठव. तिने काय केलं ते सविस्तर सांगते, कारण ते बरोबर होतं.

दुबईच्या सरांचा नवा नंबर तिने जुन्या सहकाऱ्याकडून मिळवला आणि आधी व्हॉट्सॲपवर "सर, दोन मिनिटं बोलू का?" एवढंच विचारलं. फोनवर तिने "रेफरन्स द्याल ना?" असं विचारलं नाही. त्या प्रश्नाला आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही, मनात असलं तरी. तिने विचारलं, "सर, माझ्या कामाबद्दल तुम्हाला मोकळेपणाने चांगलं बोलता येईल का? नाहीतर मी दुसऱ्या कोणाचं नाव देते, अजिबात वाईट वाटणार नाही." असं विचारलं की समोरच्याला सुटायला वाट मिळते, आणि तो सुटला तर तुम्हीही वाचता. थंड मनाने दिलेला रेफरन्स नसलेल्या रेफरन्सपेक्षा वाईट.

सर हो म्हणाले. मग बोलता बोलता खरी गोष्ट निघाली. तिच्या सीव्हीवर "टीम लीड" लिहिलेलं होतं. सर म्हणाले, "अगं, तू लीडचं काम करायचीस, पण लेटरवर तर सीनियर एक्झिक्युटिव्ह होतीस ना?" तिने अनुभवाचं पत्र काढून पाहिलं, सर बरोबर होते. हा फरक सरांच्या तोंडून आधी माझ्या कानावर आला असता, तर "खोटं लिहिलंय" अशी शंका आली असती, मग नंतर कितीही खुलासा करा. तिने सीव्हीवर डेझिग्नेशन लेटरप्रमाणे केलं, खाली "पाच जणांच्या टीमचं काम वाटून देणं" अशी ओळ लिहिली आणि बदललेला सीव्ही मला पाठवला.

फोननंतर तिने सरांना एक मेसेज टाकला. त्यात नवं पद आणि दोन ओळींत त्या कामाचं स्वरूप, दोघांनी एकत्र काम केल्याचे महिने आणि वर्षं, आठवण करून द्यायला दोन कामं (एक, वर्षअखेरची स्टॉक मोजणी, दुसरं, बारकोड स्कॅनर आले तेव्हाचं ट्रेनिंग), नोकरी सोडण्याचं तिने इंटरव्ह्यूत सांगितलेलं कारण, आणि माझं नाव आणि नंबर. हा शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. अनोळखी नंबर हल्ली कोण उचलतं? क्रेडिट कार्डवाले समजून कापतात, आणि इकडे आमच्या नोंदीत "प्रतिसाद नाही" पडतं.

याच्यापुढे जाऊ नका. काय बोलायचं ते वाक्यावाक्याने लिहून देणारे लोक असतात. एकदा मला तीन वेगवेगळ्या माणसांनी "हार्डवर्किंग आणि सिन्सिअर, टीमला घेऊन चालणारा" हे त्याच क्रमाने ऐकवलं. चौथा फोन मी केलाच नाही.

मेल

प्रत्यक्षात तुम्ही हा इंग्रजीत पाठवाल, पण मजकूर साधारण असाच असावा. तिचा दुसरा मेल मी इथे नावं गाळून मराठीत मांडते:

> विषय: रेफरन्सेस – (स्वतःचं पूर्ण नाव) – इन्व्हेंटरी कंट्रोलर
>
> नमस्कार मॅडम,
> आपण मागितलेले रेफरन्सेस खाली देत आहे. दोघांशीही बोलणं झालं असून आपला फोन येईल हे त्यांना माहीत आहे.
>
> १. श्री. (पूर्ण नाव). तेव्हाचं पद: वेअरहाउस मॅनेजर. आता दुबईत दुसऱ्या कंपनीत ऑपरेशन्स हेड. नातं: 2018 ते 2021 मी थेट त्यांना रिपोर्ट करत होते. मोबाइल: +971 ... ईमेल: ... सोयीची वेळ: भारतीय वेळेनुसार दुपारी 2 ते 4.
>
> २. श्रीमती (पूर्ण नाव). पद: अकाउंट्स मॅनेजर, त्याच कंपनीत अजूनही. नातं: दर महिन्याचा स्टॉकचा हिशेब आम्ही दोघी जुळवत होतो. मोबाइल: +91 ... ईमेल: ... सोयीची वेळ: सकाळी 11 नंतर.
>
> सध्याच्या ठिकाणी मी अजून कळवलेलं नाही, त्यामुळे तिसरं नाव राजीनामा दिल्यावर पाठवीन.
>
> (नाव, मोबाइल)

माणसाचं तेव्हाचं पद आणि आताचं पद दोन्ही दिलंय, त्यामुळे मला शोधाशोध करावी लागली नाही. नातं एका वाक्यात आहे, म्हणून काय विचारायचं ते मला फोन लावण्याआधीच कळलं. देशाचा कोड आहे. वेळ आहे, आणि ती खरी आहे. संध्याकाळी सात वाजता बदलापूर फास्टमध्ये दाराशी लटकलेल्या माणसाला "हिच्यात सुधारणेला कुठे वाव आहे?" असं विचारून काही उपयोग नसतो. आवाज गाडीच्या खडखडाटात जातो आणि माणूस चिडतो.

नंबर टाइप करू नका, कॉन्टॅक्टमधून कॉपी करा आणि आकडे मोजा. नऊ आकडी नंबर मला महिन्यातून एकदा तरी येतो. जुन्या कंपनीचा ईमेल देताना तो माणूस अजून तिथेच आहे ना, ते विचारा; सोडून गेला असेल तर मेल परत येतो. व्हेरिफिकेशनवाल्यांना मात्र बरेचदा ऑफिसचाच ईमेल लागतो, म्हणून जीमेल देत असाल तर का, ते एका ओळीत लिहा. या मेलवर रेफरन्स देणाऱ्यांना सीसीमध्ये घालू नका, त्यांचे नंबर एकमेकांना कळायचं काही कारण नाही. आणि हे नंबर सीव्हीवर तर मुळीच छापू नका. तो सीव्ही जॉब पोर्टलवरून कुठे कुठे फिरतो आणि मग तुमच्या सरांना इन्शुरन्सचे फोन येतात.

फोन झालाच नाही तर

मेल पाठवल्यावर दोन कामाचे दिवस थांबा. मग रिक्रूटरला न विचारता आधी आपल्या माणसाला विचारा, "फोन आला होता का?" नाही म्हणाले, तर रिक्रूटरला दोन ओळी लिहा: ते अमुक दिवशी मोकळे आहेत, हवं तर तुमचा नंबर देऊन त्यांनाच फोन करायला सांगते. आला होता पण उचलला नाही म्हणाले, तर त्यांनी स्वतः परत फोन करावा, एवढी विनंती करायला हरकत नाही. दोनदा चुकला, तर ओशाळून गप्प बसू नका, पर्यायी नाव पाठवा. एक नाव हाताशी ठेवायचं ते याचसाठी.

त्या मुलीच्या अकाउंट्सच्या मॅडम पहिल्याच रिंगला भेटल्या. दुबईच्या सरांनी तीनदा उचलला नाही आणि रात्री साडेआठला स्वतःच फोन केला, म्हणाले, मीटिंगमध्ये होतो. मी पंधरा मिनिटं धरली होती, ते पंचवीस मिनिटं बोलले, त्यातली दहा स्टॉक मोजणीवर. पुन्हा घ्याल का विचारल्यावर म्हणाले, "दुबईला यायला तयार आहे का ती, ते विचारा."