टक्का घटवला? कसबा बावड्याला नको, मुंबईला जा

शिरोलीच्या फाउंड्रीत तुमचे १,००० पैकी १२० शेअर, म्हणजे १२ टक्के. थोरल्या काकांनी नोटीस न देता काकूंच्या नावे आणखी १,००० काढले. तुम्ही ६ टक्क्यांवर आलात. कसबा बावड्याच्या दिवाणी कोर्टात दावा लावू नका, कंपनी कायद्याचं कलम ४३० आडवं येतं. अर्ज मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणात, कलम २४१-२४२ खाली. अर्जदाराकडे दहा टक्के शेअर असण्याची अट विचारतीलच. वाटपाआधीचे १२ टक्के दाखवा, शिवाय कलम २४४ खाली त्या अटीतून सूटही मागून ठेवा. वाटपाच्या PAS-3 फॉर्मची प्रत आधी काढा, तारीख त्यातच सापडते. मुख्य मागणी वाटप रद्द करण्याची. तोवर नवं वाटप थांबवणारा अंतरिम आदेश हवाच. एकत्र नांदणं अशक्य असेल, तर पर्यायी मागणी: तुमच्या १२ टक्क्यांची स्वतंत्र मूल्यांकनाने खरेदी.